टिप्स बाँडची रिअल यील्ड कशी काढायची: मुद्दल वाढणाऱ्या रोख्याचा पूर्ण हिशेब

माझा भाचा डॅलसला असतो. गेल्या वर्षी जुलैत त्याने व्हॉट्सॲपवर ब्रोकरच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, किंमत ९८.५० दाखवतायत, म्हणजे दहा हजारांच्या बाँडला नऊ हजार आठशे पन्नास व्हायला हवेत. हे १०,२८९ डॉलर मागतायत. वरचे चारशे कसले?" पुढे दुसरा मेसेज आला: "आणि मी एक्सेलमध्ये टाकलं तर १.३९ टक्के येतंय, पानावर १.९४ लिहिलंय."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बँकेच्या ट्रेझरीत बरीच वर्षं काढल्यामुळे ते मला पाठ आहे, पण पहिल्यांदा हा कागद हातात आला तेव्हा मीही असाच अडखळलो होतो. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे मांडतो.

कागद काय आहे

अमेरिकी सरकार १९९७ पासून टिप्स नावाचे रोखे विकतं. साध्या सरकारी रोख्यात शंभर डॉलर दिले की मुदतीला शंभरच परत मिळतात. टिप्समध्ये व्याजाचा दर कायम राहतो, पण मुद्दल महागाईच्या निर्देशांकाबरोबर रोज बदलतं. व्याज त्या बदललेल्या मुद्दलावर निघतं. महागाईची भरपाई व्याजातून न मिळता मुद्दलात साठत जाते आणि तिचा मोठा भाग शेवटी एकदम हातात पडतो.

भाच्याने निवडलेला रोखा १५ जानेवारी २०३४ ला संपणारा, १.७५ टक्के कूपनचा, म्हणजे ठरलेल्या व्याजाचा. व्याज वर्षातून दोनदा, १५ जानेवारी आणि १५ जुलैला. जानेवारी २०२४ च्या लिलावात तो १.८१० टक्के रिअल यील्डने, म्हणजे महागाईच्या वर मिळणाऱ्या परताव्याने, गेला होता. खालचा सगळा हिशेब याच रोख्याचा आहे. फक्त ९८.५० ही किंमत, वरच्या मेसेजमधलीसुद्धा, आकडेमोड सोपी पडावी म्हणून गोल केलेली धरतो, निर्देशांकाचे आकडे खरे आहेत.

पहिली पायरी: त्या दिवसाचा निर्देशांक

अमेरिकेचं ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स दर महिन्याला शहरी ग्राहकांचा किंमत निर्देशांक, म्हणजे सीपीआय, जाहीर करतं. टिप्ससाठी त्यातला हंगामी दुरुस्ती न केलेला आकडा लागतो. बातम्यांत "या महिन्यात महागाई ०.३ टक्के वाढली" असं येतं तो बहुधा दुरुस्ती केलेला असतो. तो इथे वापरला की हिशेब थोडासाच चुकतो, आणि थोडासा चुकल्यामुळे चूक सापडत नाही.

कोणत्याही महिन्याच्या १ तारखेला लागू होणारा आकडा तीन महिने आधीचा असतो. १ जुलैला एप्रिलचा, १ ऑगस्टला मेचा. मधल्या तारखांसाठी या दोन आकड्यांमध्ये सरळ रेषेत वाटणी करायची. भाच्याचा व्यवहार १५ जुलै २०२५ ला पूर्ण होणार होता. एप्रिल २०२५ चा सीपीआय ३२०.७९५ आणि मेचा ३२१.४६५. जुलैचे दिवस ३१, आणि १ तारखेपासून १५ तारखेपर्यंत १४ दिवस सरलेले:

```
=320.795 + 14/31*(321.465 - 320.795)
```

उत्तर ३२१.०९७५८. इथे १४ च्या जागी १५ घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. १ तारखेला शून्य दिवस सरलेले असतात हे लक्षात ठेवलं की ती होत नाही.

दुसरी पायरी: इंडेक्स रेशो

प्रत्येक टिप्सला जन्माचा एक निर्देशांक असतो. आपल्या रोख्याची मूळ तारीख १५ जानेवारी २०२४. त्या दिवशीचा आकडा ऑक्टोबर (३०७.६७१) आणि नोव्हेंबर २०२३ (३०७.०५१) यांच्यातून निघाला: ३०७.३९१. आजचा निर्देशांक भागिले जन्माचा निर्देशांक म्हणजे इंडेक्स रेशो:

```
=321.09758/307.391
```

१.०४४५९. ब्रोकरच्या पानावर हाच आकडा इन्फ्लेशन फॅक्टर अशा काहीतरी नावाखाली लिहिलेला असतो. सरकारी पद्धतीत सहा दशांश ठेवून पुढचे तोडतात आणि मग पाच दशांशांवर गोल करतात, त्यामुळे शेवटच्या घरात फरक दिसला तर घाबरू नका.

एक गंमत सांगतो. मूळ तारीख १५ जानेवारी असली तरी रोखा लोकांच्या हातात पडला ३१ जानेवारी २०२४ ला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती न केलेला सीपीआय बरेचदा थोडा उतरतो, तसा त्याही वर्षी उतरला होता. त्या दिवशीचा निर्देशांक ३०७.०७१, म्हणजे रेशो ०.९९८९६. महागाईपासून वाचवणारा हा कागद जन्मतःच हजाराला एक डॉलर कमी मुद्दल घेऊन आला. यात काही बिघडलेलं नाही. हिवाळ्यात भाव असेच हलतात आणि वसंतात ते भरून निघतं. पण पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट बघून ब्रोकरला फोन लावणारे लोक असतात.

तिसरी पायरी: खिशातून किती जाणार

पानावरची ९८.५० ही किंमत महागाई बाजूला काढून लिहिलेली असते. ती मूळ शंभराला आहे, आजच्या वाढलेल्या मुद्दलाला नाही. खरे पैसे काढायचे तर तिला रेशोने गुणायचं:

```
=10000 * 0.985 * 1.04459
```

१०,२८९.२१ डॉलर. भाच्याचे "वरचे चारशे" हेच. ते कमिशन नव्हतं. दीड वर्षात मुद्दलावर साठलेली महागाई विकणाऱ्याची होती, ती त्याने विकत घेतली. आज त्या रोख्याचं मुद्दल १०,४४५.९० आहे आणि तो ते १०,२८९ ला घेतोय, म्हणजे खरं तर दीड टक्का स्वस्त.

१५ जुलै ही व्याजाचीच तारीख, त्यामुळे साचलेलं व्याज शून्य होतं. मधल्या तारखेला घेतलात तर तेही द्यावं लागतं. १५ ऑक्टोबर २०२५ ला घेतला असता तर १८४ पैकी ९२ दिवस झाले असते, म्हणजे बरोबर अर्ध्या सहामाहीचं व्याज, मूळ दहा हजारांवर ४३.७५ डॉलर. तेही रेशोने गुणायचं. त्या दिवशीचा रेशो १.०५२३०, म्हणून ४६.०४.

किंमत वाचताना एक खोच आहे. काही ठिकाणी ती 98-16 अशी लिहितात. त्याचा अर्थ ९८ आणि १६ बत्तिसांश, म्हणजे ९८.५०. ती ९८.१६ वाचलीत तर यील्ड शेकड्याला चार शतांशांनी जास्त येईल आणि चूक कुठे झाली ते कळणार नाही.

चौथी पायरी: रिअल यील्ड

आता दुसरा प्रश्न. भाच्याने एक्सेलमध्ये असं मांडलं होतं: आज १०,२८९ गेले, दर सहामाहीला ८७.५० येणार, शेवटी १०,००० येणार. उत्तर १.३९ टक्के. प्रत्येक आकडा दिसायला बरोबर आहे, पण ते एका मापाचे नाहीत. दिलेले पैसे २०२५ च्या डॉलरात आहेत, मिळणारे जानेवारी २०२४ च्या. एका बाजूला किलो आणि दुसऱ्या बाजूला शेर ठेवून तराजू धरल्यासारखं झालं.

दोन्ही बाजू एकाच मापात आणायच्या दोन वाटा आहेत. पहिली: सगळं आजच्या डॉलरात. दिले १०,२८९.२१. सहामाहीला १०,४४५.९० च्या ०.८७५ टक्के, म्हणजे ९१.४०. शेवटी १०,४४५.९०. प्रत्यक्षात पुढचे हप्ते याहून मोठे असतील, कारण महागाई होत राहील. पण आपण ते आजच्या खरेदीच्या ताकदीत मोजतोय, म्हणून पुढची महागाई मुद्दामच शून्य धरायची. दुसरी वाट: सगळं मूळ शंभरावर. दिले ९८.५०, सहामाहीला ०.८७५, शेवटी १००.

नीट बघितलं तर दोन्ही वाटांमध्ये फक्त १.०४४५९ चा गुणाकार आहे, आणि तो दिलेल्या आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेत आहे. दोन्हीकडून तो उडून जातो. त्यामुळे रिअल यील्ड काढताना इंडेक्स रेशो लागतच नाही. महागाई किती झाली, किती होणार, काहीच माहीत नसलं तरी चालतं. हा टिप्सचा सगळ्यात सुंदर भाग आहे असं मला नेहमी वाटतं.

१५ जुलै २०२५ पासून १५ जानेवारी २०३४ पर्यंत साडेआठ वर्षं, म्हणजे १७ हप्ते:

```
=RATE(17, 0.875, -98.5, 100)*2
```

उत्तर १.९४२ टक्के. हप्त्याच्या मधल्या तारखेला RATE चालत नाही, तिथे YIELD वापरा:

```
=YIELD(DATE(2025,7,15), DATE(2034,1,15), 0.0175, 98.5, 100, 2, 1)
```

यात चौथ्या जागी पानावरची ९८.५० च घालायची, रेशोने गुणलेली १०२.८९ नाही. ती घातलीत की पुन्हा तेच १.३९.

ताळा हाताने करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. १.९० टक्क्यांनी किंमत ९८.८३ येते आणि २.०० टक्क्यांनी ९८.०५. आपली ९८.५० या दोघांच्या मध्ये, वरच्या टोकापासून साधारण ४२ टक्के अंतरावर पडते, म्हणजे १.९४. एक्सेलच्या एक्सआयआरआर सूत्राने काढलं तर १.९५ येईल. ते व्याजावर व्याज धरून वर्षाचा दर देतं, बाजार मात्र सहामाही दराची दुप्पट लिहितो. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन रोख्यांची तुलना करताना एकाच पद्धतीचे आकडे घ्या.

या १.९४ चा अर्थ काय

मुदत पूर्ण होईपर्यंत धरलात तर अमेरिकी सीपीआयच्या वर साधारण १.९४ टक्के. महागाई वर्षाला २.५ टक्के निघाली तर डॉलरातला परतावा, व्याजावर व्याज धरलेला १.९५ चा वार्षिक दर घेऊन:

```
=1.0195*1.025 - 1
```

म्हणजे ४.५ टक्के. उलटही करता येतं. समजा त्याच मुदतीचा साधा सरकारी रोखा ४.३ टक्के देतोय. दोन्ही सारखे पडायला महागाई २.३ ते २.४ टक्के असावी लागेल. तुम्हाला महागाई याहून जास्त होईल असं वाटत असेल तर टिप्स, कमी वाटत असेल तर साधा रोखा.

मध्येच विकायची वेळ आली तर १.९४ विसरा. बाजारातली रिअल यील्ड एक टक्क्याने वर गेली तर साडेआठ वर्षांच्या या रोख्याची किंमत साडेसात टक्क्यांच्या आसपास घसरते. २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई चाळीस वर्षांतली सर्वात जास्त होती आणि तरीही लांब मुदतीच्या टिप्सनी तोटा दाखवला. महागाईने मुद्दल वाढवलं, पण रिअल यील्ड उणेतून अधिकात गेली आणि किमतीने त्याहून जास्त खाल्लं. "महागाईचा रोखा महागाईतच पडला" असं तेव्हा लोक म्हणाले. ज्यांनी तो शेवटपर्यंत धरायचा म्हणून घेतला होता त्यांच्या हिशेबात काहीच बदललं नाही.

महागाईऐवजी वस्तूंचे भावच पडले तर? मुदतीला वाढलेलं मुद्दल किंवा मूळ मुद्दल यातलं जे जास्त असेल ते सरकार देतं. पण ही हमी मूळ १०,००० ची आहे. आमच्या भाच्याने १.०४४५९ वर घेतला, त्यामुळे आधी त्याच्या पदरची साठलेली महागाई जाईल, मग हमी सुरू होईल. ती महत्त्वाची वाटत असेल तर रेशो १ च्या जवळ असलेला नवा रोखा घ्यावा. आणि ही हमी फक्त मुद्दलाला आहे, अधल्यामधल्या व्याजाला नाही.

कर, जो सूत्रात बसत नाही

मुद्दलात दरवर्षी पडणारी वाढ हातात येत नाही, पण अमेरिकेचा केंद्रीय कर त्याच वर्षी लागतो. ती रक्कम १०९९-ओआयडी नावाच्या फॉर्मवर येते. राज्याचा आयकर मात्र लागत नाही. २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा हिशेब बघू. महागाई २.५ टक्के असेल तर ४.५ पैकी कर जाऊन ३.५१ उरतात, १.०३५१ ला १.०२५ ने भागलं की खरा परतावा एक टक्क्याला थोडा कमी. महागाई ६ टक्के झाली तर डॉलरात ८.०७ मिळतात, कर जाऊन ६.२९, आणि खरा परतावा जेमतेम ०.२८. म्हणजे महागाई जितकी जास्त तितका करानंतरचा परतावा कमी, कारण महागाईच्या भरपाईवरही कर आहे. म्हणून भाच्याला मी सांगितलं की हा कागद साध्या खात्यात ठेवू नकोस, निवृत्तीच्या आयआरए खात्यात घे. तिथे दरवर्षीचा हा कर नाही.

कोणाची महागाई?

पुण्यात बसून कुणी हा रोखा घेणार असेल तर १.९४ हा त्याचा खरा परतावा नव्हे. त्याची भाजी, भाडं आणि शाळेची फी अमेरिकी सीपीआयमध्ये नाही, आणि मध्ये रुपयाचा भाव आहे.

निर्देशांक आपला नसला की काय होतं ते आपण घरीही पाहिलंय. जून २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १.४४ टक्क्यांचा २०२३ ला संपणारा महागाईशी जोडलेला सरकारी रोखा विकला. रचना टिप्ससारखीच: मुद्दल वाढणार, व्याज वाढलेल्या मुद्दलावर. पण जोडणी घाऊक निर्देशांकाशी होती. २०११-१२ च्या पायावर घाऊक निर्देशांकाची सरासरी २०१४-१५ मध्ये ११३.९ होती ती २०१५-१६ मध्ये १०९.७ वर आली, कारण जगात कच्चं तेल कोसळलं होतं. त्या वर्षी किरकोळ बाजारात भाव वाढतच होते. घेणाऱ्याची डाळ महाग आणि रोख्याचं मुद्दल कमी. १.४४ ही रिअल यील्ड कागदावर पूर्णपणे बरोबर होती, फक्त ती तेल-पोलादाच्या महागाईच्या वरची होती. त्याआधी १९९७ मध्ये विकलेल्या कॅपिटल इंडेक्स्ड बाँडमध्ये तर फक्त मुद्दल जोडलेलं होतं, व्याज नाही. असा कागद कधी समोर आला तर इंडेक्स रेशो उडून जाण्याची वरची युक्ती तिथे चालत नाही. पुढची महागाई धरूनच हिशेब करावा लागतो.

पहिल्या हप्त्याचा ताळा

पहिलं व्याज खात्यात आलं की स्वतः मोजून बघावं. भाच्याचा पहिला हप्ता १५ जानेवारी २०२६ ला होता आणि त्याला ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ चे आकडे लागत होते. इथे पंचाईत अशी की सरकारी कामकाज बंद पडल्यामुळे ऑक्टोबरचा सीपीआय निघालाच नाही. अशा वेळेसाठी नियम आधीच लिहिलेला आहे: शेवटच्या आकड्याला मागच्या बारा महिन्यांच्या वाढीचं बारावं मूळ लावायचं. सप्टेंबर २०२५ चा ३२४.८००, सप्टेंबर २०२४ चा ३१५.३०१:

```
=324.8*(324.8/315.301)^(1/12)
```

३२५.६०४. हाच आकडा अमेरिकी ट्रेझरीने वापरला. नोव्हेंबरचा खरा आकडा आला ३२४.१२२, म्हणजे गृहीत आकड्यापेक्षा खाली, त्यामुळे जानेवारीभर मुद्दल रोज थोडं उतरत होतं. १५ तारखेचा निर्देशांक ३२४.९३४७१, रेशो १.०५७०७, आणि व्याज:

```
=10000*1.05707*0.0175/2
```

९२.४९ डॉलर. भाच्याने सकाळी खात्याचा फोटो पाठवला. या वेळी खाली प्रश्न नव्हता, फक्त त्याच्या एक्सेलमधला तोच आकडा.